इन्शुरन्सने कव्हर कमी केलं, आता ग्राहकाचं क्रेडिट लिमिट त्याला न दुखावता कसं कमी करायचं?

मेल दोनच ओळींचा असतो. अमुक ग्राहकावरचं तुमचं कव्हर ६० लाखांवरून ३५ लाख करण्यात येत आहे, आजपासून लागू. खाली कारण म्हणून एखादा मोघम शब्द, कधीकधी तोही नाही. आणि ज्या ग्राहकाबद्दल हे लिहिलंय तो बिचारा वर्षानुवर्षं वेळेवर पैसे देतोय, काल संध्याकाळीच त्याने पुढच्या आठवड्याची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलीये. आता त्याला फोन कोण करणार आणि काय सांगणार, यावरून मुंबईतल्या कितीतरी छोट्या-मोठ्या ऑफिसांत अकाउंट्सवाले आणि सेल्सवाले एकमेकांकडे बघत बसतात, आणि मग दोनपैकी एक चूक होते. एक तर कोणी काहीच सांगत नाही आणि माल तसाच जात राहतो, नाहीतर कोणीतरी फोनवर बोलून जातं की "शेठ, तुमचं रेटिंग पडलंय." दोन्ही महागात पडतं. का, ते पायरीपायरीने बघूया.

मुळात हे कव्हर म्हणजे काय

तुम्ही उधारीवर माल देता आणि ग्राहक दिवाळखोरीत गेला किंवा मुदत उलटून बरेच महिने झाले तरी पैसे दिलेच नाहीत, तर त्या बुडालेल्या उधारीचा ठरलेला हिस्सा भरून देणारा विमा म्हणजे ट्रेड क्रेडिट इन्शुरन्स. निर्यातीच्या उधारीसाठी आपल्याकडे १९५७ पासून ईसीजीसी ही सरकारी विमा कंपनी आहे, तिचं मुख्यालय मुंबईतच आहे. देशातल्या देशात विकणाऱ्यांना जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडून अशी पॉलिसी घेता येते.

यात दोन आकडे लक्षात ठेवायचे. पहिला, प्रत्येक ग्राहकासाठी विमा कंपनीने मंजूर केलेली कमाल रक्कम, तिला मी इथून पुढे कव्हर म्हणेन. दुसरा, बुडालेल्या रकमेपैकी किती टक्के मिळणार. हे पूर्ण शंभर टक्के सहसा नसतं, साधारण ८० ते ९० टक्के असतं, म्हणजे विकणाऱ्यानेही थोडी झळ सोसावी अशीच रचना असते. आणि तुम्ही स्वतः ग्राहकाला जेवढी उधारी द्यायची ठरवता ते तुमचं लिमिट. कव्हर विमा कंपनी ठरवते, लिमिट तुम्ही ठरवता. हे दोन वेगळ्या माणसांनी घेतलेले दोन वेगळे निर्णय आहेत, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं बोलणं निम्मं सोपं होतं.

मग ग्राहकाने काही केलेलं नसताना कव्हर कमी का होतं?

समजा तुमच्या मित्राच्या उधारीला तुमचा मामा जामीन राहिलाय. मामा एक दिवस म्हणतो, बाबा आता साठ नाही, पस्तीसच. तुम्हाला वाटतं मित्राचं काहीतरी बिनसलंय. पण त्याच मित्राने आणखी चौघांकडून उधार घेतलेलं असतं आणि त्या चौघांनाही हाच मामा जामीन असतो, त्याची एकाच माणसावर झेपेल तेवढी जोखीम संपली म्हणून त्याने सगळ्यांचाच आकडा खाली आणला. मित्र होता तसाच आहे.

विमा कंपनीचं अगदी असंच असतं. एकाच ग्राहकाला माल देणारे अनेक सप्लायर तिच्याकडे विमा काढतात आणि त्या सगळ्यांच्या कव्हरची बेरीज तिला सांभाळावी लागते. कधी पूर्ण धंदाच जोखमीचा वाटायला लागतो, म्हणजे कच्च्या मालाचे भाव खाली-वर झाले की त्या लाइनमधल्या सगळ्यांचीच कव्हर आवळली जातात. कधी कारण फक्त कागदाचं असतं, ग्राहकाच्या कंपनीने ताळेबंद रजिस्ट्रारकडे वेळेत भरलेला नसतो आणि विमा कंपनी दोन वर्षं जुन्या आकड्यांवर किती विश्वास ठेवणार? आणि हो, कधी खरंच दुसऱ्या एखाद्या सप्लायरने त्याची थकबाकी कळवलेली असते. तुम्हाला बाहेरून यातलं नेमकं काय ते बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणूनच ग्राहकाला दोष देऊ नका असं मी म्हणतो तेव्हा तो नुसता शिष्टाचार नसतो. तुमच्या हातात दोष सिद्ध करणारी माहितीच नसते, मग दोष कुठल्या तोंडाने देणार?

मेल आला त्या दिवशी नेमकं काय बदलतं

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेतो. भिवंडीत गोडाऊन असलेला प्लास्टिक दाण्याचा डिस्ट्रिब्युटर, आणि वसईला पॅकिंगच्या पिशव्या बनवणारा त्याचा ग्राहक. आठवड्याला साधारण ८ लाखांचा दाणा जातो, ४५ दिवसांची उधारी, त्यामुळे कुठल्याही दिवशी ५२ लाखांच्या आसपास येणं असतं. कव्हर होतं ६० लाख, त्याचं झालं ३५. पॉलिसी ९० टक्के देणारी.

पहिली दिलासा देणारी गोष्ट, सहसा कव्हर कमी होतं ते नव्या मालासाठी. मेल येण्याआधी निघालेल्या मालाची बिलं जुन्या कव्हरखालीच राहतात. म्हणजे त्या दिवशी ग्राहक बुडाला तर ५२ लाखांचे ९० टक्के, ४६ लाख ८० हजार मिळतील आणि डिस्ट्रिब्युटरचे ५ लाख २० हजार जातील.

आता गंमत बघा. काहीच न करता तीन आठवडे नेहमीसारखेच गेले, दर आठवड्याला ८ लाख आले, ८ लाखांचा माल गेला. येणं अजूनही ५२ लाखच दिसतं, लेजर बघून कोणालाच काही वाटत नाही. पण आत सगळं बदललेलं असतं. जुनी बिलं २८ लाखांची उरली, नवीन २४ लाखांची झाली. बऱ्याच पॉलिसींत जुनी बिलं आधी कव्हर व्यापतात, म्हणजे ३५ पैकी २८ तिथेच गेले आणि नव्या मालाच्या वाट्याला फक्त ७ लाख आले. नवे १७ लाख पूर्ण उघडे. आता ग्राहक बुडाला तर मिळणार ३५ लाखांचे ९० टक्के, म्हणजे साडेएकतीस लाख, आणि जाणार साडेवीस लाख. पाच लाखांचं नुकसान तीन आठवड्यांत वीस लाखांवर गेलं आणि येणं एका रुपयाने वाढलेलं नाही!

दाण्याच्या धंद्यात मार्जिन समजा अडीच टक्के सुटतं, तर साडेवीस लाख भरून काढायला ८ कोटी २० लाखांची विक्री करावी लागेल. त्यात या बिलांवरचा १८ टक्के जीएसटी सरकारकडे आधीच जमा झालेला असतो, आणि उधारी बुडाली म्हणून तो परत मिळायची सोय आपल्या जीएसटी कायद्यात नाही.

(पॉलिसीची भाषा कंपनीगणिक वेगळी असते. कुठे नव्या कव्हरपेक्षा येणं खाली येईपर्यंत नवा माल अजिबातच कव्हर होत नाही, कुठे आधीच कबूल केलेल्या ऑर्डरींना थोडी मुदत मिळते. मेल आल्या आल्या विम्याच्या ब्रोकरला हेच दोन प्रश्न विचारायचे, आणि उत्तर लेखी घ्यायचं.)

"पण ग्राहक चांगला आहे, कव्हर कमी झालं म्हणून आपणही लिमिट कमी करायलाच हवं का?"

नाही, करायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. लिमिट तुमचं आहे. तुम्ही कव्हरच्या वर जाऊन स्वतःच्या जोखमीवर माल देऊ शकता, आणि पंधरा वर्षांचा ग्राहक असेल तर थोडा द्यावाही असं माझं मत आहे. फक्त किती, हे आधी ठरवून मालकाने कागदावर सही करून द्यायचं. ते ठरत नाही तोवर सेल्सवाला आपलं "अजून एकच गाडी" म्हणत राहतो आणि ती वरची रक्कम कोणी न ठरवताच वाढत जाते.

आपल्या उदाहरणात समजा मालकाने ठरवलं की १० लाख स्वतःच्या जिवावर. मग नवं लिमिट झालं ४५ लाख. ५२ वरून ४५ वर यायचंय, म्हणजे ७ लाख खाली. हे एका दिवसात मागितलं तर वसईवाल्याचा पगार अडकेल. त्याऐवजी चार आठवडे असं करायचं, तो दर आठवड्याला नेहमीसारखे ८ लाख देतोय ते देऊ दे, माल ८ लाखांचाच घेऊ दे, फक्त त्यातला ६ लाखांचा उधारीवर आणि २ लाखांचा आगाऊ पैसे देऊन. चार आठवड्यांनी येणं ४४ लाखांवर येतं. त्या आगाऊ २ लाखांवर दीड टक्का सूट द्यायची, कारण वर्षाला १२ टक्क्यांच्या हिशोबाने ४५ दिवसांचं व्याज तेवढंच होतं, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचं जवळपास काही जात नाही आणि ग्राहकाला हातात काहीतरी मिळतं.

एक गोष्ट मात्र लपवू नका, निदान स्वतःपासून तरी. या उतरणीत दुसऱ्या आठवड्यात उघडी रक्कम १२ लाखांवर जाते, म्हणजे ठरवलेल्या १० च्या वर, मग तिसऱ्यात ११ आणि चौथ्यात ९ होते. मालकाची सही १२ लाखांवर हवी, १० वर नाही. आणि ग्राहकाची काही बिलं आधीच मुदत ओलांडून थकलेली असतील तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा. थकबाकी ठरावीक दिवसांच्या पुढे गेली की बऱ्याच पॉलिसींत नव्या मालाला कव्हर आपोआप थांबतं.

ग्राहकाशी लिमिटच्या भाषेत नाही, दिवसांच्या भाषेत बोला

कारखाना चालवणाऱ्या माणसाला "तुमचं लिमिट १५ लाखांनी कमी केलं" हे वाक्य थोबाडीत मारल्यासारखं लागतं, आणि शिवाय त्यातून त्याने उद्या काय करायचं हेही कळत नाही. महिन्याला ३५ लाखांचा माल आणि ४५ लाखांचं लिमिट म्हणजे साधारण ३८ दिवसांची उधारी. म्हणजे त्याच्यासाठी बातमी एवढीच, माल पूर्ण मिळणार, पैसे आठवडाभर आधी द्यायचे. हे त्याला लगेच समजतं, तो त्याच्या कॅश फ्लोमध्ये बसवून बघू शकतो आणि त्यावर घासाघीसही करू शकतो.

फोन मालकाने किंवा क्रेडिट बघणाऱ्या मोठ्या माणसाने करायचा, समोरच्या मालकालाच, आणि टॅलीत लिमिट बदलायच्या आधी. उलटं झालं की भिवंडीत गाडी भरून उभी, बिल निघत नाही, ड्रायव्हर वसईला फोन लावतो आणि ग्राहकाला ही बातमी ड्रायव्हरकडून कळते. त्यानंतर तुम्ही कितीही गोड बोला, उपयोग नाही. आधीच कबूल केलेल्या ऑर्डरींची यादी समोर घेऊन बसा, शब्द दिलेला माल अचानक अडवला तर तक्रारीला जागा तुम्हीच दिलेली असते.

बोलणं साधारण असं जावं:

"नमस्कार साहेब, पाच मिनिटं आहेत का? उधारीबद्दल बोलायचंय, मेलवर टाकायच्या आधी मीच सांगावं म्हटलं. एका खात्यावर आम्ही किती रक्कम बाहेर ठेवू शकतो त्याचा आमचा हिशोब बदललाय. तुमच्या खात्यावर तो आकडा पुढच्या महिन्यापासून ४५ लाख असेल."

"का? आमचं एक पेमेंट तरी लेट झालंय का?"

"नाही झालं. तुमची बिलं वेळेवर येतात, माझ्यासमोर लेजर आहे आणि मेलमध्येही मी तसं लिहिणार आहे. कबूल केलेल्या तिन्ही गाड्या आहेत तशाच येतील. पुढचे चार आठवडे दर आठवड्याला दोन लाखांचा माल आगाऊ पैसे देऊन घ्या, दीड टक्का सूट देतो, मग ३८ दिवसांवर नेहमीसारखं चालू."

"अहो, आमच्या पार्ट्या आम्हाला साठ दिवसांनी देतात, ३८ कसं जमवू?"

"तेच बघायचंय आपल्याला. कुठला आठवडा जड जातोय ते सांगा, हप्ते तसे बसवू. एकूण ४५ च्या वर मात्र मला जाता येणार नाही."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. हप्त्यांत लवचिक, आकड्यात ठाम. "बघू, काहीतरी करतो" म्हणालात की तो पुढच्या ऑर्डरला ५५ गृहीत धरणार, आणि तेव्हा नाही म्हटलं की खरा वाद. वाद झाला आणि त्याने मालाच्या दर्जाची तक्रार काढून बिल अडवलं तर आणखी पंचाईत, कारण बिलावर वाद असेल तर तो मिटेपर्यंत विमा कंपनी दावा पुढे नेत नाही.

"सरळ सांगून टाकावं ना की इन्शुरन्सने कमी केलं, त्यात लपवायचं काय?"

प्रामाणिक माणसाला हा प्रश्न पडणारच. पण आधी पॉलिसी उघडून बघा. अनेक पॉलिसींत अट असते की विमा आहे ही गोष्ट किंवा ग्राहकावरचा विमा कंपनीचा निर्णय ग्राहकाला सांगायचा नाही, किंवा परवानगीनेच सांगायचा. ती मोडली तर दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते. परवानगी मिळाली तर जरूर सांगा, आणि तेव्हाही एवढंच, "आम्ही उधारीसाठी बाहेरून संरक्षण घेतो, त्याची मर्यादा बदललीये." कारणाबद्दल अंदाज करायचा नाही. "बहुतेक तुमचा ताळेबंद कमजोर वाटला असेल" हे तुम्ही सहज म्हणता, त्याच्या कानात ते विमा कंपनीचं अधिकृत मत म्हणून बसतं.

परवानगी नसेल तर "आमचा जोखमीचा हिशोब बदललाय" हे पूर्ण खरं वाक्य आहे, तेवढ्यावर थांबा. खोटं कारण मात्र अजिबात देऊ नका. "सगळ्यांचंच कमी केलंय" हे सगळ्यात लाडकं खोटं, आणि वसईच्या त्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तुमचा दुसरा ग्राहक असतो, दोघं चहाला भेटतात आणि संध्याकाळी तुमचं पितळ उघडं पडतं. मग त्याला वाटतं की लपवण्याइतकं काहीतरी वाईट आहे.

तितकंच महत्त्वाचं, ऑफिसात हे कोणाकोणाला माहीत असावं ते ठरवा. सेल्सवाल्याला नवा आकडा आणि बोलायचं एक वाक्य द्या, विमा कंपनीचा मेल फॉरवर्ड करू नका. दाण्याच्या बाजारात दलाल दिवसभर फोनवर असतात, "त्याचं लिमिट कापलं म्हणे" एवढं एक वाक्य फिरलं की बाकीचे सप्लायरही हात आखडतात आणि काल ठीकठाक असलेला कारखाना खरोखरच अडचणीत येतो. हे मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. ब्रिटनमधली वूलवर्थ्स ही दुकानांची साखळी नोव्हेंबर २००८ मध्ये कोसळली, ती आधीच कर्जात होती, पण सप्लायरांना मिळणारं क्रेडिट इन्शुरन्सचं कव्हर काढून घेतलं गेल्यावर त्यांनी आगाऊ पैसे मागायला सुरुवात केली आणि रोख रकमेची तंगी आणखी वाढली. २००९ मध्ये तिथल्या सरकारला कमी झालेलं कव्हर भरून काढायची वेगळी योजनाच आणावी लागली.

"विमा कंपनीलाच समजावता येत नाही का?"

येतं, आणि प्रयत्न करायलाच हवा, पण लिमिट खाली आणायचं काम त्यासाठी थांबवायचं नाही. ब्रोकरमार्फत आधी कारण विचारा. कागद जुने म्हणून कमी झालं असेल तर हे काम खरंच होऊ शकतं. ग्राहकाचा ताजा ऑडिट झालेला ताळेबंद, चालू वर्षाचे आकडे, जीएसटी रिटर्न, आणि तुमच्या लेजरमधला त्याचा पेमेंटचा इतिहास, एवढं जोडून फेरविचार मागायचा. तो शेवटचा कागद पूर्णपणे तुमच्या हातात आहे आणि लोक नेमका तोच द्यायला विसरतात. ग्राहकाला आपले आकडे तुम्हाला दाखवायचे नसतील, आणि तुम्ही त्याचे सप्लायर आहात म्हटल्यावर ते समजण्यासारखं आहे, तर विमा कंपनीला थेट पाठवायची सोय होते का विचारा. अर्थात विम्याबद्दल त्याला सांगायची परवानगी असेल तरच. कारण एकूण जोखमीचं किंवा पूर्ण लाइनचं असेल तर मात्र ताळेबंद कितीही सुंदर असो, लवकर काही हलत नाही.

फोन झाल्यावर त्याच दिवशी मेल जायला हवा, छोटा आणि कोरडा नसलेला. नमुना देतो:

"साहेब, आज बोलल्याप्रमाणे, १ तारखेपासून आपल्या खात्यावरची कमाल उधारी ४५ लाख रुपये राहील. आपली देयकं आजवर वेळेवर मिळाली आहेत आणि हा बदल त्यासंबंधी नाही. कबूल केलेल्या तीन ऑर्डर जुन्या अटींवरच पाठवू. पुढचे चार आठवडे दर आठवड्याला २ लाखांचा माल आगाऊ रकमेवर, त्यावर १.५ टक्के सूट. तीन महिन्यांनी आपण दोघे मिळून हा आकडा पुन्हा पाहू."

शेवटच्या वाक्यातली तारीख कॅलेंडरमध्ये टाका. कव्हर परत वाढलं, समजा ४५ झालं, तर ग्राहकाने विचारायची वाट न बघता तुम्ही फोन करा, आणि तुमचे स्वतःच्या जोखमीचे १० लाख त्यावर ठेवायचे की काढून घ्यायचे ते मालकाकडून पुन्हा नव्याने लिहून घ्या, जुनी सही त्यासाठी चालवू नका.